टाळी जुळते, पखवाज जुळत नाही: तीन फोनवरचं समूहगान एका वेळेवर आणताना

समस्या अशी आहे. मंडळाचं भजन तीन फोनवर रेकॉर्ड केलं. सुरुवातीला बुवांनी एक सणसणीत टाळी दिली. घरी येऊन तिन्ही फाइली ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या, तिन्ही टाळ्या एकाखाली एक आणल्या आणि वाजवून पाहिलं. बुवांचा आवाज स्वच्छ लागला, पण पखवाजाची प्रत्येक थाप दोनदा पडल्यासारखी ऐकू येत होती. पखवाजाचा ट्रॅक थोडा सरकवून थाप एक केली, तर बुवांचा आवाज दुहेरी झाला. दोन्हींच्या मधे कुठेतरी आणून ठेवलं, तर पहिलं कडवं बरं वाटलं आणि शेवटच्या गजरापर्यंत सगळं पुन्हा फाटलं.

आमच्या मंडळात हे एकदा नाही, लागोपाठ तीन रेकॉर्डिंगला झालं. लालबागच्या चाळीत तळमजल्यावर मंडळाचा हॉल आहे, दर गुरुवारी तिथे भजन असतं. बुवा पेटीवर बसून गातात, मागे दहा-बाराजण कोरसला, उजव्या हाताला पखवाज, आणि दोघांकडे झांजा. एकाच फोनवर घेतलं की पेटी आणि पखवाज सगळ्यांना गिळतात, म्हणून फोन वाढवले. फोन वाढवले तसा हा घोळ सुरू झाला. चूक टाळी जुळवण्यात नव्हती, टाळी अगदी बरोबर जुळत होती. टाळी जुळली म्हणजे गाणं जुळलं, हे मानण्यात चूक होती.

उशीर एक नाही, तीन आहेत

दोन फोनच्या ट्रॅकमध्ये जो फरक दिसतो त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली सोपी आहे: रेकॉर्डिंगचं बटण दोघांनी वेगवेगळ्या क्षणी दाबलं. हा फरक एखाद-दोन सेकंदांचा असतो आणि गाणं संपेपर्यंत तेवढाच राहतो.

दुसरी म्हणजे आवाजाचा प्रवास. आवाजाला हवेतून जायला वेळ लागतो. मुंबईतल्या ३० अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे एक मीटरला जवळजवळ तीन मिलिसेकंद. आकडा लहान वाटतो, पण हॉलच्या मागच्या भिंतीशी सात मीटरवर ठेवलेल्या फोनला तोच आवाज २० मिलिसेकंद उशिरा मिळतो. आणि महत्त्वाचं हे की, हा उशीर फोनचा नसतो, फोन आणि वाजवणारा या जोडीचा असतो. बुवांसाठी तो वेगळा, पखवाजासाठी वेगळा, कोपऱ्यातल्या झांजेसाठी आणखी वेगळा.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक फोनचं आतलं घड्याळ. फोन सेकंदाला ४८,००० नमुने घेतो असं सांगतो, पण हे मोजणारा क्वार्ट्‌झचा स्फटिक प्रत्येक फोनमध्ये किंचित पुढे किंवा मागे चालतो. फरक दहा लाखाला काही दहांचा असतो. एका कडव्यात तो कळत नाही, बारा मिनिटांच्या भजनात नक्की कळतो.

लक्षणावरून कारण ओळखता येतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळंच सारखं दुहेरी असेल तर पहिलं कारण. एक वाद्य जुळतं आणि दुसरं जुळत नाही, तर दुसरं. सुरुवात छान आणि हळूहळू फाटत जातं, तर तिसरं. आमच्याकडे दुसरं आणि तिसरं एकत्र होतं, म्हणून ट्रॅक कितीही सरकवला तरी कुठेच समाधान होत नव्हतं.

बुवांची टाळी का फसवते

आमची बैठक मोजून सांगतो, म्हणजे हिशेब डोळ्यांसमोर येईल. पहिला फोन बुवांच्या समोर एक मीटरवर, छोट्या स्टँडवर. दुसरा फोन पखवाजाच्या समोर एक मीटरवर. बुवा आणि पखवाज यांच्यात साडेतीन मीटर, तेवढंच अंतर दोन फोनमध्ये. म्हणजे बुवांपासून पखवाजाच्या फोनपर्यंत तिरकं अंतर भरतं साधारण ३ मीटर ६४ सेंटिमीटर, आणि पखवाजापासून बुवांच्या फोनपर्यंतही तेवढंच.

आता बुवांनी जागेवर बसून टाळी वाजवली. ती त्यांच्या फोनला एक मीटर जाऊन पोहोचली, पखवाजाच्या फोनला ३.६४ मीटर जाऊन. फरक २.६४ मीटर, म्हणजे साडेसात मिलिसेकंद. टाळ्या एकाखाली एक आणताना आपण पखवाजाचा ट्रॅक तेवढा आधी ओढला. बुवांच्या आवाजासाठी हे बरोबर झालं, कारण त्यांचा आवाज त्याच वाटेने आला होता.

पण पखवाजाची थाप उलट्या वाटेने जाते. ती स्वतःच्या फोनला आधी मिळते आणि बुवांच्या फोनला साडेसात मिलिसेकंद उशिरा. म्हणजे मुळात पखवाजाचा ट्रॅक इथे साडेसातने पुढेच होता. आपण त्याला आणखी साडेसात पुढे ओढलं. आता त्याच्याच फोनमधली थाप आणि बुवांच्या फोनमध्ये शिरलेली तीच थाप यांत १५ मिलिसेकंदांचं अंतर पडलं. गाण्याच्या लांब सुरात १५ मिलिसेकंद फारसे टोचत नाहीत, पण थापेसारखा आवाज एका क्षणात सुरू होतो, त्यात ते कानाला सरळ दोन ठोके म्हणून लागतात. भरीला, फोनमध्ये आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय असते. बुवा श्वास घ्यायला थांबले की त्यांचा फोन आवाज वर उचलतो आणि लांबची थाप एकदम मोठी होते. म्हणून आमच्याकडे दुहेरी थाप नेमकी दोन ओळींच्या मधल्या जागेत जास्त ऐकू यायची.

एक गोष्ट इथे मान्य करावी लागते. ट्रॅक सरकवला की त्यातलं सगळं एकत्र सरकतं. बुवांसाठी पखवाजाचा ट्रॅक आधी यायला हवा आणि पखवाजासाठी बुवांचा ट्रॅक आधी यायला हवा. दोन्ही एकाच वेळी होणार नाही. हे कुठल्याही सॉफ्टवेअरने सुटणारं नाही, कारण ते भूमितीत आहे. मग करायचं काय? कोणत्याही एका वाद्यासाठी जुळवायचं नाही, घड्याळं जुळवायची. दोन्ही ट्रॅक खऱ्या वेळेवर आणून ठेवायचे आणि हवेतला उशीर हवेत होता तसाच राहू द्यायचा. तसं केलं की दोन्हीकडे साडेसात मिलिसेकंदांचा फरक उरतो, कुठेही १५ होत नाही. शिवाय शिरलेला आवाज नेहमी मूळ आवाजानंतर येतो, आधी कधीच येत नाही. जवळच्या भिंतीवरून आवाज परत आल्यासारखं ते कानाला वाटतं आणि कान ते एकच धरतो.

दोन टाळ्यांची रीत

खरी वेळ काढायची कशी, कारण टाळीसुद्धा कुठून तरी प्रवास करूनच येते ना? इथे एक सोपी युक्ती आहे. एक टाळी पहिल्या फोनशी वाजवायची, दुसरी दुसऱ्या फोनशी. पहिल्या टाळीत दुसऱ्या फोनला उशीर होतो, दुसऱ्या टाळीत पहिल्या फोनला नेमका तेवढाच उशीर होतो. दोन्ही फरकांची सरासरी काढली की प्रवास कटून जातो आणि उरतो तो फक्त बटण दाबण्यातला फरक.

टाळी वाजवताना जागा सांभाळा. दोन्ही फोनमधून जाणारी सरळ रेष डोळ्यांनी धरा आणि त्या रेषेवर, फोनच्या बाहेरच्या अंगाला, हातभर अंतरावर उभं राहून टाळी द्या. म्हणजे आवाज आधी जवळच्या फोनला लागून मग पुढच्या फोनकडे जातो आणि फरक बरोबर दोन फोनमधल्या अंतराएवढा पडतो. दोन्ही फोनच्या मधे उभं राहून टाळी दिली तर हिशेब बिघडतो. टाळी एकच, कोरडी, पंजे ताठ ठेवून. पंखे त्या मिनिटापुरते बंद. आंबेडकर रोडवरच्या हॉर्नमध्ये एखादी टाळी बुडालीच तर दुसरी द्या, पण त्याच जागेवरून.

तिसऱ्या फोनसाठीही हीच रीत, पहिल्या फोनबरोबर जोडी लावून. आणि भजन संपल्यावर, कोणी फोन उचलायच्या आत, सगळ्या टाळ्या पुन्हा. या शेवटच्या टाळ्या लोक विसरतात, कारण गजर संपला की चहा येतो. आमच्याकडे आता झांजवाल्या काकांवर ती जबाबदारी आहे. ते उठून "फोनला हात लावू नका रे" असं ओरडतात, मगच कप फिरतात.

फोन विमान मोडवर ठेवा, मधेच आलेला कॉल कित्येक फोनमध्ये रेकॉर्डिंग थांबवतो. रेकॉर्डरमध्ये शांतता गाळण्याची सोय असेल तर ती बंद हवी, नाहीतर दोन कडव्यांमधला वेळच फाइलमधून नाहीसा होतो. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर रेकॉर्ड करू नका, आणि तयार फाइल मागवताना डॉक्युमेंट म्हणूनच मागवा.

एका गुरुवारचे आकडे

फाइली `m4a` मध्ये येतात. कॉम्प्युटरवर आधी सगळ्यांचं एकाच नमुना-दरावर WAV करून घेतो, कारण एखादा फोन ४४,१०० वर आणि दुसरा ४८,००० वर घेत असतो:

```
ffmpeg -i pakhwaj.m4a -ar 48000 pakhwaj.wav
```

ऑडॅसिटीत दोन्ही ट्रॅक शून्यापासून सुरू ठेवायचे, काहीही सरकवायचं नाही. खूप झूम करून टाळी जिथे शांततेतून पहिल्यांदा उठते तिथे कर्सर ठेवायचा आणि खालच्या पट्टीत मिलिसेकंदापर्यंतची वेळ लिहून घ्यायची. सगळ्यात उंच टोक धरू नका. उंच टोक कधी कधी जमिनीवरून किंवा भिंतीवरून आलेल्या आवाजाचं असतं आणि दोन फोनमध्ये ते वेगळ्या जागी पडतं. पहिली उठण म्हणजे सरळ वाटेने आलेला आवाज.

बुवांच्या फोनशी दिलेली टाळी बुवांच्या ट्रॅकवर ६.२१४ सेकंदाला होती, पखवाजाच्या ट्रॅकवर ४.८८४ ला. फरक १.३३० सेकंद. पखवाजाच्या फोनशी दिलेली टाळी बुवांच्या ट्रॅकवर ११.५०७ ला, पखवाजाच्या ट्रॅकवर १०.१५७ ला. फरक १.३५० सेकंद. दोन फरक वेगळे आले म्हणून घाबरायचं नाही, ते वेगळेच यायला हवेत. सरासरी १.३४०. म्हणजे पखवाजाचा फोन १.३४० सेकंद उशिरा सुरू झाला होता.

याच आकड्यांतून मोजणी बरोबर आहे की नाही तेही कळतं. दोन फरकांमधलं अंतर २० मिलिसेकंद, त्याचं निम्मं १०. दहा मिलिसेकंदांत आवाज साडेतीन मीटर जातो, आणि टेपने मोजलेलं दोन फोनमधलं अंतर साडेतीन मीटरच होतं. हा ताळा जमला नाही, समजा सहा मीटर आलं किंवा उणे आलं, तर एखाद्या टाळीवर चुकीच्या जागी कर्सर ठेवलेला आहे. मी हा ताळा केल्याशिवाय पुढे जात नाही.

गाण्याच्या आवाजावरून जुळवायचा प्रयत्न मात्र करू नका. पेटीचा लांब सूर झूम करून पाहिला तर लाट पुन्हा पुन्हा सारखीच दिसते. २०० हर्ट्‌झचा सूर असेल तर दर पाच मिलिसेकंदांनी तोच आकार येतो. कुठलं टोक कुठल्या टोकाला लावायचं हे डोळ्याला कळत नाही आणि एक लाट चुकली की पाच मिलिसेकंद चुकले. टाळी एकदाच उठते, म्हणून टाळी.

घड्याळ किती धावलं

शेवटच्या टाळ्यांवर हाच हिशेब पुन्हा केला. बुवांच्या ट्रॅकवर सुरुवातीच्या आणि शेवटच्या टाळ्यांत बरोबर १२ मिनिटं होती, म्हणजे ७२० सेकंद. शेवटी सरासरी फरक आला १.३११ सेकंद. सुरुवातीला तो १.३४० होता. म्हणजे बारा मिनिटांत २९ मिलिसेकंदांनी दोन्ही ट्रॅक एकमेकांपासून सरकले. बुवांच्या फोनने ७२०.००० सेकंद मोजले तेवढ्यात पखवाजाच्या फोनने ७२०.०२९ मोजले. दहा लाखाला चाळीस. म्हणून तर पहिलं कडवं बरं आणि गजर विस्कटलेला.

याला ट्रॅक सरकवणं हा उपाय नाही, तो किंचित आखडावा लागतो. पखवाजाचा ट्रॅक २९ मिलिसेकंदांनी लांब आहे, म्हणजे तो ७२०.०२९ भागिले ७२०.००० इतक्या पटीने वेगात वाजवायचा. ही पट १.००००४ येते. मी यासाठी `sox` हा कमांडवर चालणारा प्रोग्रॅम वापरतो, कारण त्यात दशांशानंतरचे हवे तेवढे आकडे देता येतात:

```
sox pakhwaj.wav pakhwaj2.wav speed 1.00004
```

पट एकापेक्षा मोठी दिली की ट्रॅक आखडतो, लहान दिली की लांबतो. उलट केलंत तर शेवटचा फरक २९ ऐवजी ५८ होईल, त्यावरून लगेच कळेल. वेगाबरोबर पट्टीही चढते ही भीती असते, पण इतक्या बारीक बदलात ती एका श्रुतीच्या जवळपासही जात नाही. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातल्या एका भागाचा दहावा हिस्साही होत नाही. पट्टी तशीच ठेवून फक्त लय बदलणारी सोय इथे टाळावी. ती आवाजाचे तुकडे करून पुन्हा जोडते आणि पखवाजाची थाप त्यात बोथट होते.

कमांड लिहायची नसेल तर दुसरा मार्ग आहे. ट्रॅक दोन कडव्यांमधल्या शांत जागी कापायचा आणि प्रत्येक तुकडा थोडा थोडा सरकवायचा. आमच्या उदाहरणात दर मिनिटाला अडीच मिलिसेकंदांच्या आसपास फरक पडतो, म्हणजे दर दोन मिनिटांनी कापलं तर कुठेही पाचाहून जास्त चूक राहत नाही. भजनात अखंड ठेका चालू असेल तर कापायला शांत जागाच मिळत नाही, तिथे `sox` बरं.

आखडून झाल्यावर सुरुवातीच्या टाळ्या पुन्हा वाचायच्या, सरासरी पुन्हा काढायची, मगच ट्रॅक जागेवर आणायचा. माउसने ओढण्यापेक्षा अचूक मार्ग हा: पखवाजाचा ट्रॅक निवडून कर्सर अगदी सुरुवातीला ठेवायचा आणि `Generate > Silence` मधून १.३४० सेकंदांची शांतता घालायची. बाकीचं सगळं आपोआप बरोबर तेवढंच मागे जातं.

बरोबर बसलं हे कसं ओळखायचं

टाळ्या आता एकाखाली एक दिसणार नाहीत. हे पाहून मन पुन्हा त्या जुळवायला धावतं, तिथे हात आवरा. बुवांच्या फोनशी दिलेली टाळी पखवाजाच्या ट्रॅकवर दहा मिलिसेकंद मागे दिसली पाहिजे, आणि पखवाजाच्या फोनशी दिलेली टाळी बुवांच्या ट्रॅकवर दहा मिलिसेकंद मागे. दोन्हीकडे लांबचा फोन मागे असणं हीच खूण. एकाही टाळीत लांबचा फोन पुढे दिसला तर ट्रॅक चुकीच्या बाजूला सरकलेला आहे, कारण आवाज लांबच्या फोनला आधी पोहोचूच शकत नाही.

मग गाण्याच्या मध्यावर एक तपासणी. झांजेचा एखादा सुटा ठोका सुरुवातीच्या मिनिटात शोधा, तसाच एक मध्यावर आणि एक शेवटी. झांजवाले जागेवरून हललेले नसतील तर दोन ट्रॅकमधला त्या ठोक्याचा फरक तिन्ही ठिकाणी सारखाच आला पाहिजे. तो फरक किती आहे याला महत्त्व नाही, तो अंतरावर अवलंबून आहे. तो बदलतो का, एवढंच बघायचं. सुरुवातीला आणि शेवटी बरोबर, पण मध्यावर वेगळा आला, तर घड्याळ हळूहळू धावलेलं नाही, फोनने मधेच कुठेतरी काही नमुने गाळलेले आहेत. जुन्या, जागा भरत आलेल्या फोनमध्ये आम्हाला हे दोनदा दिसलं. तिथे `speed` ने काही सुधारत नाही, उलट चांगला भाग बिघडतो. ठोक्यांवरून उडीची जागा शोधायची, तिथे ट्रॅक कापायचा आणि पुढचा भाग तेवढा मागे न्यायचा.

वेळा सगळ्या बरोबर असूनही दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवले की पखवाजाच्या डाव्या बाजूचा घुमारा पातळ होत असेल, तर पखवाजाच्या ट्रॅकवर `Invert` लावून ऐका. दोन ट्रॅकमध्ये लाटेची दिशा उलटी असेल तर खालचे आवाज एकमेकांना खातात. उलटवल्यावर घुमारा भरून आला तर तसंच ठेवा, नाही तर परत फिरवा. आवाज पाइपातून आल्यासारखा पोकळ वाटत असेल, तर दोन्ही ट्रॅक सारख्याच मोठ्या आवाजात आहेत आणि फरक अगदी बारीक, एक-दोन मिलिसेकंदांचा राहिला आहे. एका मिलिसेकंदाच्या फरकाने ५०० हर्ट्‌झ आणि १५०० हर्ट्‌झ कापले जातात आणि माणसाच्या गळ्याचा गाभा तिथेच असतो. तिथे वेळेशी झगडण्यापेक्षा दोनपैकी एक ट्रॅक बराच खाली घ्या.

फोन कुठे ठेवता यावरही निम्मं काम ठरतं. आमच्या मांडणीत प्रत्येक फोन स्वतःच्या माणसापासून एक मीटरवर आणि दुसऱ्यापासून साडेतीनपट लांब आहे. रेकॉर्डिंगवाले किमान तिप्पट अंतर ठेवा म्हणतात, ते याचसाठी. बंद हॉलमध्ये भिंतींमुळे थोडं जास्तच शिरतं, पण दुसऱ्याचा आवाज तरी बराच हळू येतो आणि उरलेले साडेसात मिलिसेकंद निरुपद्रवी होतात. दोन फोन दीड मीटरवर ठेवले आणि प्रत्येकात सगळेच सारखे ऐकू आले, तर कितीही नीट जुळवा, काही ना काही दुहेरी राहणारच. तशा वेळी एकच फोन निवडावा, मी तरी तेच करतो.

मागच्या भिंतीचा फोन

तिसरा फोन मागे, बुवांच्या फोनपासून सात मीटरवर होता. दोन टाळ्यांच्या हिशेबाने त्याचं घड्याळ जुळवलं की त्यातला बुवांचा आवाज २० मिलिसेकंद मागे राहतो. अनेकजण हे २० मिलिसेकंद काढून टाकतात, म्हणजे टाळीवर टाळी आणतात. मला ते पटत नाही. या फोनचं कामच हॉल ऐकवण्याचं आहे. कोरस भिंतींना लागून जो भरतो, टाळ्यांच्या गजरात जे दार हलतं, ते यात आहे. २० मिलिसेकंद मागे, हळू आवाजात ठेवला की बुवा पुढे बसलेले आणि कोरस त्यांच्या मागे असं कानाला दिसतं. पुढे ओढला की सगळेजण एका रेषेत येऊन बसतात आणि हॉल लहान होतो.

अडचण येते ती झांजेची. झांज फार टोकदार वाजते आणि २० मिलिसेकंदांवर तिचा दुसरा ठोका कधी कधी मोकळा ऐकू येतो. तसं झालं तर मी मागच्या ट्रॅकमधले वरचे आवाज थोडे कापतो, ट्रॅक हलवत नाही. हॉल याच्या दुप्पट लांब असता आणि फोन १४ मीटरवर असता तर उशीर ४० मिलिसेकंद झाला असता. तिथे गाण्याचे शब्दही प्रतिध्वनीसारखे सुटे ऐकू येऊ लागतात, म्हणून तो ट्रॅक पंधरा-वीस मिलिसेकंद पुढे घेणं योग्य. पूर्ण नाही, तेवढाच.

आणि कोरसमधलं जे मागेपुढे आहे, ते यातलं कशानेही हलत नाही. मागच्या रांगेतला माणूस बुवांपासून चार मीटरवर बसून त्यांना ऐकून गातो, म्हणजे बुवांचा शब्द त्याच्या कानापर्यंत पोहोचायलाच ११ मिलिसेकंद लागतात. त्याचा शब्द फोनला आणखी तेवढा उशिरा मिळतो. परवा आमच्या बुवांना हे आकडे दाखवले तेव्हा त्यांनी पुढच्या गुरुवारी मागच्या रांगेला एक पाऊल पुढे बसवलं आणि झांजा दाराजवळून काढून पखवाजाशेजारी आणल्या. त्या रेकॉर्डिंगमध्ये मागच्या फोनच्या ट्रॅकमधले वरचे आवाज मला कापावे लागले नाहीत.